लेबलवर आहे तेवढंच लिस्टिंगमध्ये

वागळे इस्टेटमधल्या ज्या दुकानात मी काम करते, तिथून ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या कारखान्यांना सेफ्टीचा माल जातो. हेल्मेट, हातमोजे, गॉगल, बेल्ट आणि सगळ्यात जास्त बूट. पूर्वी परचेसवाले फोन करायचे, सॅम्पल मागवायचे, हातात घेऊन बघायचे आणि मग ऑर्डर द्यायचे. आता बहुतेक जण आधी मालाची लेखी माहिती, म्हणजे लिस्टिंग वाचतात. रबाळे, महापे, तळोजा इथल्या कंपन्यांत परचेसवाला ते लिस्टिंग सेफ्टी ऑफिसरला पाठवतो, तो त्यावर खुणा करतो आणि मग आमच्याकडे कोटेशन मागतात. म्हणजे मी जे लिहिते, त्यावरून कुठल्या खात्यातल्या माणसाच्या पायात कुठला बूट जाणार हे ठरतं. म्हणून बुटांची लिस्टिंग लिहायचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

मागच्या पावसाळ्याच्या आधी एका कंपनीचं नवं मॉडेल आलं. काळं लेदर, घोट्याच्या खाली येणारी लेसची जोडी, डबल डेन्सिटी पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल. सोबत रंगीत माहितीपत्रक होतं. त्यात लिहिलं होतं: ‘स्टील टो २०० जूल, अँटी-स्किड, ऑइल-अ‍ॅसिड-हीट रेझिस्टंट सोल, शॉकप्रूफ, आयएसओ-सीई-आयएसआय सर्टिफाइड, सर्व साइझमध्ये उपलब्ध.’ शेठ म्हणाले, “ताई, हेच टाकून द्या, सीझन सुरू होतोय.” मी म्हटलं, “शेठ, आधी जोडी उघडून बघते, लायसन्सची प्रत आणि टेस्ट रिपोर्ट मागवते, मग टाकते.” शेठना माझी ही पद्धत माहीत आहे. ते काही बोलले नाहीत.

माझ्यासाठी बुटाची खरी माहिती सुरू होते ती आतल्या लेबलपासून. गोडाऊनमधल्या मामांनी आठ नंबरची जोडी काढून दिली. टंग बाहेर ओढली की मागच्या बाजूला शिवलेलं छोटं कापडी लेबल दिसतं. त्यावर आयएसआयचं चिन्ह, त्याच्या वर ‘आयएस १५२९८ (भाग २) : २०१६’ हा भारतीय मानकाचा क्रमांक, खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर, मग ‘एस१’ ही श्रेणी आणि ‘एसआरए’ हे घसरणरोधाचं चिन्ह, साइझ आणि उत्पादनाचा महिना-वर्ष. एवढंच. माहितीपत्रकावरच्या अर्ध्या गोष्टी या लेबलवर नव्हत्या. त्या नसणं हीच माझ्या कामाची पहिली माहिती.

लायसन्स नंबर मी भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला. तिथे लायसन्स कुणाच्या नावावर आहे, पत्ता कुठला, कुठल्या मानकासाठी आहे आणि चालू आहे की नाही हे दिसतं. नाव आणि मानक जुळलं, लायसन्स चालू होतं. पण अ‍ॅपवर काम संपत नाही. लायसन्स दिलेलं असतं ते एका कारखान्याला आणि ठरावीक प्रकारच्या बुटांना. त्यात कुठला प्रकार, कुठला सोल, कुठली श्रेणी बसते, हे लायसन्सच्या व्याप्तीच्या कागदावर असतं. तो कागद मागितला तेव्हा कंपनीच्या सेल्समनला थोडं आश्चर्य वाटलं, पण त्याने पाठवला. त्यात हे लेदर, हा पीयू सोल आणि एस१ श्रेणी होती. इथपर्यंत ठीक.

टेस्ट रिपोर्टचं मात्र वेगळं निघालं. पाठवलेल्या रिपोर्टवरचा आर्टिकल नंबर आमच्या जोडीचा नव्हता. नमुन्याच्या वर्णनात ‘नायट्राइल रबर आउटसोल’ लिहिलं होतं. त्याच कंपनीच्या दुसऱ्या, महागड्या मॉडेलचा रिपोर्ट होता तो. माहितीपत्रकातलं ‘हीट रेझिस्टंट’ कुठून आलं हे तेव्हा कळलं. मी सेल्समनला सांगितलं की याच मॉडेलचा रिपोर्ट हवा, नाहीतर रिपोर्टमधली एकही ओळ मी वापरणार नाही. काही दिवसांनी बरोबर रिपोर्ट आला. तोपर्यंत लिस्टिंग थांबलं होतं आणि शेठ रोज विचारत होते. तरी मी थांबले, कारण रिपोर्ट वाचताना निकालाच्या आधी आर्टिकल नंबर आणि नमुन्याचं वर्णन जुळवावं लागतं. ते जुळत नसेल तर पुढचे सगळे ‘पास’ दुसऱ्याच बुटाचे असतात.

आता टो कॅप, म्हणजे बोटांवरची कडक वाटी. आयएस १५२९८ चे भाग समजले की ही ओळ लिहिणं सोपं जातं. भाग १ चाचण्यांच्या पद्धतींचा आहे. भाग २ म्हणजे सेफ्टी फुटवेअर, त्यात टो कॅपला २०० जूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसावा लागतो. भाग ३ म्हणजे प्रोटेक्टिव्ह फुटवेअर, तिथे हेच आकडे १०० जूल आणि १० किलोन्यूटन आहेत. भाग ४ च्या बुटांना टो कॅपची सक्तीच नाही. दिसायला तिन्ही बूट सारखेच असू शकतात. म्हणून नुसतं ‘आयएस १५२९८ प्रमाणे’ असं मी कधी लिहीत नाही. भाग लिहिल्याशिवाय त्या आकड्यातून घेणाऱ्याला काहीच कळत नाही आणि स्वस्त कोटेशन देणारे बऱ्याचदा नेमका भागच गाळतात.

२०० जूल म्हणजे किती, हे परचेसवाले विचारतात. चाचणीत वीस किलोचा पाचरीच्या आकाराचा वजनी ठोकळा साधारण एक मीटरवरून टो कॅपवर सोडतात. आत पायाच्या बोटांच्या जागी मऊ मातीचा छोटा दंडगोल ठेवलेला असतो. ठोकळा आदळून कॅप दबते, माती चेपते, आणि चेपलेल्या मातीची उंची मोजतात. ती उंची म्हणजे आघातानंतर बोटांसाठी उरलेली जागा. युरोपियन ४१-४२ साइझला ती किमान १४ मिलिमीटर हवी, ४५ आणि त्यापुढे १५. कॅप अजिबात दबत नाही असा याचा अर्थ नाही. ती दबते, पण इतकी जागा शिल्लक ठेवते. म्हणूनच लिस्टिंगमध्ये ‘पायाला इजा होणार नाही’ असलं वाक्य मी येऊ देत नाही. त्याऐवजी आघाताचा आणि दाबाचा आकडा देते आणि पुढे एक वाक्य जोडते: टो कॅपवर जोराचा मार बसलेली जोडी बाहेरून धड दिसली तरी बदलावी. वाकलेली स्टील कॅप किंवा आतून तडकलेली कंपोझिट कॅप दुसऱ्या माराला तेवढी जागा ठेवेलच असं नाही.

कॅप खरंच स्टीलची आहे का, हे बघायला मामांकडे जुन्या स्पीकरमधला गोल लोहचुंबक आहे. तो बुटाच्या पुढच्या भागावर टेकवला तर चटकन चिकटतो. मग त्यांनी तोच चुंबक बुटाच्या आत, तळव्याच्या जागी ठेवला. तो सहज घसरला, कुठेच धरला नाही. म्हणजे तळव्यात स्टीलची पत्री नाही. हे एस१ शी जुळत होतं, कारण एस१ मध्ये खालून खिळा शिरण्यापासून संरक्षण नसतं. ते असतं तेव्हा लेबलवर ‘पी’ लागतो, जसं एस१पी, किंवा श्रेणी एस३ असते. त्या चाचणीत साडेचार मिलिमीटर जाडीचा खिळा ११०० न्यूटनच्या जोराने तळव्यात दाबतात. आता पत्रीऐवजी विणलेल्या कापडाचा थरही असतो, तो चुंबकाला कळत नाही. त्यामुळे चुंबकावरून ‘स्टीलची पत्री आहे की नाही’ एवढंच ठरतं. कॅप २०० जूल सोसेल की नाही हेही चुंबक सांगत नाही. त्यासाठी लेबल आणि रिपोर्टच.

टो कॅपच्या ओळीत मी ‘स्टील’ किंवा ‘कंपोझिट’ हा शब्द स्पष्ट लिहिते, कारण त्यावर बाकी बरंच काही अवलंबून असतं. गेटवर मेटल डिटेक्टर असलेल्या कंपन्यांना कंपोझिट हवी असते. कंपोझिट हलकी असते, पण तेवढीच ताकद मिळायला जाड लागते, म्हणून बुटाचा पुढचा भाग जरा फुगीर दिसतो. ‘कंपोझिट म्हणजे जास्त मजबूत’ किंवा ‘स्टील म्हणजे जास्त मजबूत’ या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. भाग २ चं लेबल असेल तर दोघींना तीच चाचणी पास व्हावी लागते. बिल बनवतानाही हा शब्द उपयोगी पडतो. लेदर अप्पर आणि धातूची टो कॅप असलेल्या बुटांना ६४०३ ४० हा वेगळा एचएसएन आहे, कंपोझिट कॅपचा बूट त्यात बसत नाही.

सोलच्या ओळीवर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. माहितीपत्रकात ‘ऑइल-अ‍ॅसिड-हीट रेझिस्टंट’ हे तीन शब्द एका दमात लिहिले होते. पण ते तीन वेगळे दावे आहेत आणि तिन्हींचा पुरावा वेगळा लागतो.

ऑइलचा पुरावा होता. २०१६ च्या आवृत्तीत एस१ श्रेणीतच सोलची इंधन-तेलाला टिकण्याची चाचणी येते. सोलचा तुकडा आयसोऑक्टेनमध्ये बावीस तास ठेवतात आणि तो फुगून त्याचं आकारमान बारा टक्क्यांपेक्षा जास्त वाढता कामा नये. रिपोर्टमध्ये हे पास होतं. म्हणून मी लिहिलं: ‘आउटसोल इंधन-तेलरोधक, एस१ श्रेणीच्या चाचणीनुसार.’ यात एक फरक घेणाऱ्याला सांगावाच लागतो. ही चाचणी सोल तेलाने खराब होतो का हे बघते. तेलावर पाय घसरतो का, हे ती बघत नाही.

अ‍ॅसिडचा पुरावा कुठेच नव्हता. ना लेबलवर, ना रिपोर्टमध्ये. तेलाची चाचणी पास झाली म्हणजे अ‍ॅसिड चालेल असं होत नाही. शिवाय इथे अप्पर लेदरचं आहे, शिलाई आहे, अ‍ॅसिड आधी तिथूनच आत जाईल. टीटीसी या नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात केमिकलच्या कंपन्या भरपूर आहेत. तिथला परचेसवाला ‘अ‍ॅसिड रेझिस्टंट’ वाचून हा बूट टँक भरणाऱ्या माणसाला देऊ शकतो. तो शब्द मी पूर्ण काढला आणि खाली लिहिलं: ‘अ‍ॅसिड, अल्कली किंवा सॉल्व्हंट सांडणाऱ्या जागी वापरण्यासाठी नाही.’ शेठना हे वाक्य खटकलं. “नाही म्हणून कोण लिहितं?” असं ते म्हणाले. मी म्हटलं, “त्या माणसाचा पाय भाजला तर कागद आपलाच काढतील.” वाक्य राहिलं.

हीटचंही तेच. गरम पृष्ठभागाला टिकणाऱ्या सोलसाठी मानकात एचआरओ हे वेगळं चिन्ह आहे. त्यात तीनशे अंश सेल्सिअसला तापवलेला धातू एक मिनिट सोलला लावतात, सोल वितळता किंवा तडकता कामा नये. हे रबराच्या सोलचं काम आहे आणि तो दुसऱ्या मॉडेलचा रिपोर्ट नेमका यासाठीच केलेला होता. आमच्या पीयू जोडीच्या लेबलवर एचआरओ नाही, त्यामुळे ‘हीट’ हा शब्द लिस्टिंगमध्ये आला नाही. तळोजातल्या एका फाउंड्रीच्या स्टोअरमधून फोन आला होता, त्यांना मी ही जोडी दाखवलीच नाही. त्यांना रबर आउटसोलवालं मॉडेल सांगितलं, आणि एचआरओ म्हणजे फक्त आउटसोलची परीक्षा, उडणाऱ्या वितळलेल्या धातूपासून पायाचं संरक्षण नव्हे, हेही सांगितलं. त्यासाठी बुटाची बांधणीच वेगळी लागते.

‘अँटी-स्किड’च्या जागी लेबलवरचा एसआरए लिहिला. साबणाच्या पाण्याने ओल्या सिरॅमिक टाइलवर बूट किती धरतो, याची ती चाचणी. ग्लिसरीन लावलेल्या स्टीलवरची चाचणी पास असेल तर एसआरबी आणि दोन्ही पास असतील तर एसआरसी. आमच्या जोडीला फक्त एसआरए होतं. लिस्टिंगमधलं वाक्य असं झालं: ‘घसरणरोध: एसआरए, म्हणजे साबणपाण्याने ओल्या सिरॅमिक टाइलवर तपासलेला. तेलकट स्टीलच्या फरशीसाठी तपासलेला नाही.’

‘शॉकप्रूफ’ हा शब्द मला सगळ्यात धोकादायक वाटतो, आणि तो बाजारात सर्रास चालतो. एस१ चा बूट अँटिस्टॅटिक असतो. म्हणजे अंगावर साठलेली स्थिर वीज हळूहळू जमिनीत जावी म्हणून बुटाचा विद्युत रोध मुद्दाम एका पट्ट्यात ठेवलेला असतो, एक लाख ओहमच्या वर आणि शंभर कोटी ओहमपर्यंत. हा बूट वीज अडवण्यासाठी केलेला नाहीच, थोडी जाऊ देण्यासाठी केलेला आहे. इलेक्ट्रिशियनला लागतो तो इन्सुलेटिंग बूट, तो वेगळ्या मानकाचा वेगळा बूट. माहितीपत्रक वाचून मेंटेनन्सचा एखादा माणूस हीच जोडी घालून चालू पॅनलसमोर उभा राहिला तर? हा विचार मनात आला की माझा हात थांबतो. मी लिहिलं: ‘अँटिस्टॅटिक. विजेच्या धक्क्यापासून संरक्षणासाठी नाही.’ सेल्समनने फोन करून सांगितलं, “मॅडम, सगळे शॉकप्रूफच लिहितात.” मी त्याला शांतपणे म्हटलं, “दादा, इन्सुलेशनचा रिपोर्ट पाठवा, मी मोठ्या अक्षरात लिहिते.” तो रिपोर्ट आला नाही.

आता सर्टिफिकेटांची ओळ. ‘आयएसओ-सीई-आयएसआय सर्टिफाइड’ यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र घुसवल्या होत्या. आयएसओ म्हणजे इथे कंपनीचं ९००१ होतं, ते कारखान्याच्या कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र. बुटाच्या गुणांबद्दल ते काही सांगत नाही, म्हणून बुटाच्या लिस्टिंगमध्ये त्याला जागा नाही. आयएसओ २०३४५ हे सेफ्टी शूजचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण आयएसओ ही संस्था स्वतः कुठल्याच बुटाला प्रमाणपत्र देत नाही. सीईसाठी सेफ्टी शूजची युरोपातल्या अधिसूचित संस्थेकडून प्रकार-तपासणी व्हावी लागते. तिचं प्रमाणपत्र मागितलं तर मिळालं ते एका सल्लागार कंपनीचं सोनेरी किनारीचं पत्र, त्यावर अधिसूचित संस्थेचा नंबरच नव्हता. सीई काढून टाकलं.

राहिला आयएसआय मार्क आणि तोच आपल्याकडे महत्त्वाचा. सेफ्टी फुटवेअर आता सरकारच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाखाली येतं, म्हणून मार्क नसलेल्या जोडीला आम्ही गोडाऊनमध्ये घेतच नाही. पण शब्द इथेही जपून लिहावे लागतात. ‘मानकानुसार’ असं कुणीही म्हणू शकतो, तो बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा. ‘तपासलेला’ म्हणजे प्रयोगशाळेत गेलेला नमुना पास झाला, बाकीच्या मालाबद्दल तो कागद बोलत नाही. ‘आयएसआय मार्क, लायसन्स नंबर अमुक’ म्हणजे तो कारखाना बीआयएसच्या देखरेखीखाली हा माल बनवतो. तिघांचं वजन वेगळं आहे. म्हणून एका वाक्यात मी एकच शब्द वापरते आणि जो वापरते त्याचा कागद माझ्या फाइलमध्ये असतो. मानकाचं वर्षही गाळत नाही, कारण आवृत्ती बदलली की चिन्हांचे अर्थ बदलतात. आयएसओच्या २०२१ च्या आवृत्तीत एसआरए, एसआरबी, एसआरसी ही नावं गेली आणि तेलाची चाचणी एस१ चा सक्तीचा भाग राहिली नाही. वर्ष न लिहिता ‘एस१’ लिहिलं तर वाचणाऱ्याने कुठला एस१ धरायचा?

साइझचा विषय बहुतेक लिस्टिंगांत एका ओळीत उरकतात, पण परत येणारा माल बघितला तर सगळ्यात जास्त साइझमुळेच येतो. ‘सर्व साइझमध्ये उपलब्ध’ हे खरं नव्हतं. आमच्या गोडाऊनला ६ ते १० होते, ५ आणि ११ मागणीवर येणार होते, ३-४ बनतच नव्हते. महाप्याच्या एका पॅकिंग युनिटमध्ये बायका जास्त आहेत. तिथल्या सुपरवायझर ताईंनी सांगितलं की पूर्वी त्यांच्याकडे कुणीतरी ५ नंबरच देऊन ‘दोन मोजे घाला’ म्हणून सांगितलं होतं. असा बूट टाचेत निसटतो, जिन्यावर पाय अडकतो आणि टो कॅपची जागा बोटांच्या पुढे सरकते. त्या ताईंना मी या मॉडेलमध्ये ३-४ नाहीत हे सरळ सांगितलं आणि दुसऱ्या कंपनीचा लेडीज साच्यावरचा बूट दिला.

लिस्टिंगमध्ये मी साइझ भारतीय नंबरात आणि कंपनीच्या तक्त्यातल्या युरोपियन नंबरात, दोन्ही देते. टेस्ट रिपोर्ट युरोपियन नंबरात असतात, कामगार मात्र ‘आठ नंबर’ म्हणतो. रिपोर्टच्या बाबतीत एक गोष्ट तपासायची असते. टो कॅपच्या आघाताची चाचणी लहान, मधली आणि मोठी अशा तीन साइझवर घ्यायची असते, कारण कॅपचा आकार साइझप्रमाणे बदलतो. आम्हाला नंतर आलेल्या बरोबर रिपोर्टमध्ये तिन्ही होत्या. एकाच साइझचा रिपोर्ट आला असता तर मी पुन्हा विचारलं असतं.

आणि माप कसं घ्यायचं हेही लिहिते. लेदर थोडं सैल होतं, टो कॅप होत नाही. म्हणून माप शिफ्टच्या शेवटी, कामाचे मोजे घालून, उभं राहून घ्यावं. बूट घालून कामगाराने उकिडवं बसून बघावं. आपल्याकडे फॅब्रिकेशनमध्ये माणसं तासन् तास उकिडवी बसून वेल्डिंग करतात. त्या वेळी कॅपची मागची कड बोटांच्या वळणावर टोचत असेल तर साइझ किंवा रुंदी चुकली. रुंद पायाच्या माणसाला एक नंबर मोठा देऊन चालत नाही, बूट वाकतो ती जागा पुढे सरकते आणि तीच कड बोटांच्या वर रुतते. त्याला रुंद साच्याचा बूट हवा.

सगळं करून लिस्टिंगचा मुख्य भाग असा झाला:

‘पुरुषांचा लेदर सेफ्टी शू, लेसचा, घोट्याखालचा. आयएस १५२९८ (भाग २) : २०१६, श्रेणी एस१, आयएसआय मार्क, लायसन्स नंबर प्रत्येक जोडीच्या टंगवर. टो कॅप: स्टील, २०० जूल आघात आणि १५ किलोन्यूटन दाबासाठी. आउटसोल: डबल डेन्सिटी पीयू, इंधन-तेलरोधक. घसरणरोध: एसआरए, तेलकट स्टीलच्या फरशीसाठी तपासलेला नाही. अँटिस्टॅटिक, विजेच्या धक्क्यापासून संरक्षणासाठी नाही. तळव्यात खिळारोधक थर नाही. अ‍ॅसिड, अल्कली, सॉल्व्हंट आणि गरम पृष्ठभागासाठी नाही. साइझ: भारतीय ६ ते १० तयार, ५ आणि ११ मागणीवर. लायसन्सची प्रत आणि या मॉडेलचा टेस्ट रिपोर्ट मागितल्यास मिळेल.’

हे टाकल्यावर रबाळ्याच्या एका मशीन शॉपच्या सेफ्टी ऑफिसरचा फोन आला. त्यांना सगळ्या कामगारांसाठी एकच मॉडेल हवं होतं. मी त्यांना विचारलं, सर, जमीन कशी आहे? ते म्हणाले, सीएनसीच्या रांगेत कूलंट आणि तेल सांडतं, पायाखाली माइल्ड स्टीलच्या चेकर प्लेट, आणि खाली लोखंडाच्या कुरळ्या चिप्स. असेंब्ली आणि पॅकिंगकडे कोरडी टाइल. म्हणजे पहिल्या भागाला एसआरसी आणि ‘पी’ असलेला बूट हवा, एस१पी. आमच्या नव्या जोडीत यातलं काहीच नाही. दुसऱ्या भागाला मात्र ती चालते. त्यांनी लिस्टिंगमधलं ‘तेलकट स्टीलच्या फरशीसाठी तपासलेला नाही’ वाचलं होतं, म्हणूनच फोन केला होता. ऑर्डर दोन मॉडेलची झाली, मशीन शॉपला एस१पी, असेंब्लीला ही. दर वेगळे असल्यामुळे परचेसवाल्यांनी कुरकूर केली, पण सेफ्टी ऑफिसरने दोन्ही लेबलांचे फोटो इंडेंटला जोडले आणि तो विषय मिटला.

त्यांनी एक गोष्ट जास्तीची मागितली, ती मी आता प्रत्येक पीयू बुटाच्या लिस्टिंगमध्ये घालते: पाठवल्या जाणाऱ्या मालाच्या उत्पादनाचा महिना. दमट हवेत पीयू आतून हळूहळू खराब होत जातो. न वापरलेली, खोक्यात पडून राहिलेली जोडीही काही वर्षांनी पायात घातल्यावर सोलाचे तुकडे पडून सुटते. ठाण्याच्या पावसाळ्यात पत्र्याच्या गोडाऊनला हे जास्त होतं. मामा जुन्या तारखेचे खोके पुढे ठेवतात, जमिनीपासून उंच रॅकवर, आणि पाठवायच्या आधी प्रत्येक लॉटमधली एक जोडी काढून सोल हाताने पूर्ण वाकवून बघतात. वाकवल्यावर वळणाच्या जागी बारीक भेगा दिसल्या, किंवा अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर सोल भुसभुशीत लागला, तर तो लॉट बाजूला जातो. रबाळ्याच्या ऑर्डरसाठी मी बिलावर साइझसोबत लॉटचा महिना टाकला. त्यांच्या स्टोअरने आता आमच्याकडून येणाऱ्या प्रत्येक चलनावर तो मागायला सुरुवात केली आहे.